शनिवारचं सर्कल पुढे ढकला

प्रश्न: मी नाशिकमध्ये एका शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलाला तीन मुलं जूनपासून चिडवत होती, धक्काबुक्की करत होती. मागच्या आठवड्यात त्यांनी त्याचं दप्तर शाळेमागच्या नाल्यात टाकलं, तेव्हा सगळं उघड झालं. मुख्याध्यापक म्हणतात, "येत्या शनिवारी सगळ्यांना पालकांसह बोलवा आणि रिस्टोरेटिव्ह सर्कल घ्या. तुम्हीच घ्या. नाही ऐकलं तर तिघांना टीसी देऊ." मुलाची आई म्हणते, "माझ्या पोराला पुन्हा त्यांच्यासमोर कशाला बसवता?" सर्कल नेमकं कसं घेतात, कोणी काय करायचं असतं, आणि पालकांना बोलवायचं की नाही?

उत्तर: शनिवार सोडून द्या. त्या आईचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तिला त्याचं उत्तर मिळत नाही तोवर कोणालाच गोलात बसवू नका.

रिस्टोरेटिव्ह सर्कल म्हणजे त्रास देणारा, सोसणारा आणि दोघांची माणसं गोलात बसून काय झालं आणि ते कसं भरून काढायचं यावर बोलतात ती बैठक. घाईच्या सर्कलमध्ये काय होतं ते मी बऱ्याचदा पाहिलं आहे. ऑफिसमध्ये खुर्च्या गोल मांडतात आणि मुख्याध्यापक सुरुवात करतात, "झालं गेलं विसरून जाऊ." मग त्रास झालेल्या मुलाला विचारतात, "बाळा, तुला काय वाटतं?" समोर ती तीन मुलं, त्यांचे आईवडील, दोन शिक्षक. एवढ्या लोकांतून लवकर सुटायचा एकच रस्ता त्याला दिसतो, तो म्हणतो, "आता ठीक आहे." हात मिळवले जातात आणि सगळे समाधानाने घरी जातात. सोमवारी मधल्या सुट्टीत तेच परत सुरू होतं, फक्त आता त्याला तक्रारही करता येत नाही, कारण सगळ्यांसमोर ठीक आहे असं त्यानेच सांगितलेलं असतं.

आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्ती समित्या आल्या, त्यामुळे चारजण बसून तंटा मिटवायची रीत आपल्या ओळखीची आहे. बांधावरून भांडणारे दोन शेतकरी साधारण सारख्या ताकदीचे असतात आणि दोघांनाही थोडं मागे सरकता येतं. जूनपासून तीन मुलांचा मार खाणारं पोर कुठे मागे सरकणार? इथे मिटवायला तंटा नाही. एका बाजूने नुकसान केलं आहे आणि दुसऱ्या बाजूने ते सोसलं आहे. "दोघांचंही थोडं थोडं चुकलं" हे वाक्य सर्कलमध्ये कोणीही उच्चारलं की ते सर्कल तिथेच फसलं असं समजा.

गोलात हातोहात फिरणारी वस्तू ज्याच्याकडे असेल त्यानेच बोलायचं, ही गोलातली पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडून आली. घरच्यांना सोबत बसवून मुलाच्या चुकीवर बोलायची पद्धत माओरी लोकांची, ती न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायद्यात घेतली. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा शहरात टेरी ओ'कॉनेल या पोलीस अधिकाऱ्याने त्यासाठी प्रश्नांचा ठरावीक क्रम बसवला, आणि १९९४ पासून क्वीन्सलँडमधल्या शाळांमध्ये मार्ग थॉर्सबर्न यांनी तो वापरायला सुरुवात केली. आपण शाळेत जे सर्कल म्हणतो ते या सगळ्यांचं मिश्रण असतं. हे एवढ्यासाठी सांगितलं की यातल्या कुठल्याही पद्धतीत गोल ही सुरुवात नसते. आधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं होतं, आणि गोल त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी मी घेतलेलं एक सर्कल सविस्तर सांगते, म्हणजे कोणाचं काम काय हे त्यातूनच कळेल. मुलांची नावं बदलली आहेत.

ओम सातवीत होता. घर मखमलाबादच्या बाजूला, वडिलांची द्राक्षबाग. तो बोलताना अडखळायचा. शाळेच्या व्हॅनमध्ये आदित्य आणि यश त्याची नक्कल करायचे. एके दिवशी त्याला "द्राक्ष" म्हणायला लावून आदित्यने मोबाइलवर शूटिंग केलं आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. सातवीचा ग्रुप म्हणजे खरं तर आयांचे फोन. तो व्हिडिओ ओमच्या आईच्या फोनवरही आला. तिने पाहिला, डिलीट केला आणि चार दिवस कोणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ओमने पोट दुखतंय म्हणून शाळेत जायला नकार दिला.

शाळेने मला बोलावल्यापासून सर्कलपर्यंत शाळेचे अकरा दिवस गेले. त्यात दहा भेटी झाल्या, बहुतेक अर्ध्या ते पाऊण तासाच्या. सर्कल सव्वा तासात आटोपलं. तुमच्या मुख्याध्यापकांना हा हिशोब दाखवा. शनिवारपर्यंत एवढं होत नाही, आणि यातलं काही गाळलं तर नेमकं तेच सर्कलमध्ये आडवं येतं.

पहिल्या भेटीआधीच एक काम उरकावं लागतं, ते म्हणजे त्रास थांबवणं. आम्ही आदित्यची जागा बदलून त्याला पुढे व्हॅनकाकांच्या शेजारी बसवलं. ओमला हलवलं नाही. शाळा जवळजवळ नेहमीच त्रास झालेल्या मुलाची जागा बदलतात, कारण तो हट्ट करत नाही. पण त्यातून बाकीच्या पोरांना एकच अर्थ कळतो, की अडचण हाच आहे. तुमच्याकडे आजच ठरवा की मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना त्या तिघांवर लक्ष कोणाचं. सर्कल होईपर्यंत त्रास चालूच राहिला, तर तुमच्या कुठल्याच शब्दावर त्या मुलाचा विश्वास बसणार नाही.

सर्कल घेणारी व्यक्ती कोण असावी? तुम्ही नको, आणि मुख्याध्यापकही नकोत. मुख्याध्यापकांच्या हातात शिक्षा असते. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मुलं टीसी डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतात. तुमची अडचण वेगळी आहे. हे सगळं तुमच्या वर्गात जूनपासून चाललं होतं. म्हणजे तुम्ही गोलात बसणाऱ्यांपैकी एक आहात, आणि तुम्हालाही काही सांगायचं, काही ऐकायचं असणार. ओमच्या वर्गशिक्षिकेशी मी वेगळं बोलले तेव्हा त्यांना एक प्रसंग आठवला. मराठीच्या तासाला ओम धडा वाचताना अडकला, वर्ग हसला, आणि तास संपत आल्याने त्या म्हणाल्या, "बस खाली, पुढचा वाच." त्यांच्या लेखी तो वेळेचा प्रश्न होता. ओमने मला तीच गोष्ट आधीच्या भेटीत सांगितली होती, व्हिडिओचं सांगायच्याही आधी. हे त्यांनी गोलात स्वतःहून सांगितलं. त्याच सर्कल घेत असत्या तर हे बाहेरच आलं नसतं. तुमच्या शाळेतला दुसऱ्या विभागाचा शिक्षक, शेजारच्या शाळेतला समुपदेशक, कोणीही चालेल. ज्याला या मुलांना मार्क द्यायचे नाहीत आणि शिक्षाही करायची नाही असा हवा.

या व्यक्तीचं काम न्याय देण्याचं नसतं. कोण खरं, कोण खोटं, हे सर्कलमध्ये ठरवायचंच नाही. ते शाळेने आधी चौकशी करून ठरवायचं. सर्कलला यायची अट एवढीच, की त्रास देणाऱ्या मुलाने मुख्य गोष्ट मान्य केलेली असावी. "हो, व्हिडिओ मी काढला." तपशिलावरून मतभेद असले तरी चालतात. "मी काही केलंच नाही" म्हणणाऱ्या मुलाला गोलात आणलं की त्रास झालेल्या मुलावर सगळ्यांसमोर पुरावा द्यायची पाळी येते, आणि त्याच्यासाठी याहून वाईट काही नाही. तुमच्या तिघांपैकी एखादा कानावर हात ठेवत असेल, तर त्याला सोडून बाकी दोघांचं सर्कल घ्या आणि त्याच्या बाबतीत शाळेची नेहमीची कारवाई होऊ द्या.

आता टीसीचं. शिक्षण हक्क कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा सातवीच्या मुलाला दिलेली ती धमकी पोकळ आहे, आणि पालकांपैकी कोणाला तरी हे ठाऊक असतंच. शिवाय टीसीच्या भीतीने गोलात आलेला मुलगा तिथे फक्त सुटका करून घ्यायला बसतो. सर्कलला नकार दिला तर शाळा काय करेल हे खरं आणि साधं सांगा. जागा बदलणं, ठरावीक दिवस सुट्टीत देखरेखीखाली बसणं, पालकांना लेखी कळवणं, यापैकी जे खरोखर होणार असेल तेवढंच.

पहिली भेट नेहमी त्रास झालेल्या मुलाची, आणि त्यात मी सर्कलचं नावही काढत नाही. काय झालं ते ऐकते. सगळ्यात वाईट काय वाटलं ते विचारते, आणि हे उत्तर मोठ्यांच्या अंदाजाशी क्वचितच जुळतं. शाळेला वाटत होतं ओमला व्हिडिओचं वाईट वाटलं. ओमला सगळ्यात जास्त हे लागलं होतं, की व्हॅनमधली एक मुलगी, जी पहिलीपासून त्याच्या बरोबरची होती, तीही हसली. शेवटी मी विचारते, "काय झालं म्हणजे तुला शाळेत यावंसं वाटेल?" ओम म्हणाला, "माझं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं नाही." दोस्ती व्हावी, त्यांनी माफी मागावी, असं काहीच तो म्हणाला नाही.

दुसऱ्या भेटीत सर्कलबद्दल सांगितलं. यायचं की नाही हे तू ठरव. आलास तरी बोलायचं की नाही हे तू ठरव. मधेच उठून जावंसं वाटलं तर ही खूण कर, मी काही न विचारता थांबवेन. शेजारी कोण बसेल, पहिलं कोण बोलेल, हेही तूच सांग. आणि सगळ्यात महत्त्वाचं: माफ करायची जबाबदारी तुझी नाही. कोणी सॉरी म्हणालं तर "इट्स ओके" म्हणायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी पुरे. हे ऐकून मुलांचे खांदे अक्षरशः खाली येतात. आपल्याकडे सॉरी म्हटलं की समोरच्याने लगेच मोठ्या मनाने माफ करायचं असतं, त्यामुळे सगळं ओझं शेवटी सोसलेल्याच्याच डोक्यावर येतं.

ओमच्या बाबतीत एक जास्तीची अडचण होती. अडखळणाऱ्या मुलाला बारा माणसांत बोलायला लावायचं का? मी तीन पर्याय दिले: लिहून आण आणि आई वाचेल, स्वतः वाच, किंवा घरी रेकॉर्ड करून आण. तिसरा पर्याय मी विचार न करता दिला होता. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्याला त्याच्या आवाजाचं आणखी एक रेकॉर्डिंग मागत होते. त्याने लिहून आणून स्वतः वाचायचं ठरवलं. उलट गोलातली हातात वस्तू धरायची रीत अशा मुलाच्या फायद्याची निघते. ती वस्तू त्याच्या हातात आहे तोवर कायदाच असा असतो, की कोणीही मधे बोलायचं नाही. त्याने शब्दावर कितीही वेळ घेतला तरी.

मग पालक. सर्कल मोडतं ते बहुतेक वेळा मोठ्यांमुळेच, म्हणून त्यांच्या भेटी शाळेत न घेता शक्यतो घरी घ्या. ओमच्या वडिलांची गोडी छाटणी चालू होती, मजूर आलेले, पेस्ट लावायचं काम चाललेलं. फोनवर म्हणाले, "मॅडम, आत्ता बागेतून हलता येत नाही." मी संध्याकाळी सात वाजता मळ्यावर गेले. तिथे ओमच्या आईने पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं, की व्हिडिओ तिने आधीच पाहिला होता आणि त्यांना सांगायची भीती वाटली, कारण ते पोरालाच ओरडले असते. ते ओरडलेही. "दोन ठेवून द्यायच्या होत्यास, मी बघितलं असतं." हे घरी होऊन गेलं हे बरं झालं. गोलात पहिल्यांदा कळावी अशी एकही मोठी गोष्ट शिल्लक राहता कामा नये, एवढ्यासाठीच या भेटी असतात. ओमच्या वडिलांना मी एकच काम दिलं: "पोराला काय करायला हवं होतं ते सांगू नका. तुम्हाला स्वतःला काय वाटलं, तेवढंच सांगा." त्यांना ते पटायला दोन कप चहा लागला.

करणाऱ्या मुलाच्या पालकांची तयारी त्याहून अवघड असते. ते दोन टोकांना असतात. एक टोक "पोरंच आहेत, चालायचंच" आणि दुसरं टोक भर सभेत पोराला झोडपायचं. अगदी सुरुवातीच्या काळात, एका शाळेत, मी घेतलेल्या सर्कलमध्ये करणाऱ्या मुलाच्या वडिलांनी मधेच उठून त्याच्या मुस्काटात मारली आणि म्हणाले, "धर पाय त्याचे!" त्रास झालेला मुलगा रडायला लागला. आपल्यामुळे दुसऱ्याने मार खाल्ला, असं त्याला वाटलं. मी तिथेच थांबवलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चूक माझी होती, मी त्या वडिलांना आधी फक्त फोनवर भेटले होते. तेव्हापासून प्रत्येक वडिलांना समोर बसून विचारते, "तुम्ही चिडलात की काय करता?" लोक खरं उत्तर देतात. आदित्यचे वडील अंबडला कंपनीत फर्स्ट शिफ्टला होते. ते म्हणाले, "मी उठून बाहेर जातो." मग आम्ही ठरवलं, की चिडले तर बाहेर जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं, आणि त्यांची खुर्ची दाराजवळ ठेवली.

त्यांना आणखी दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. पोराला "सॉरी म्हण" असं कोणी सांगायचं नाही. आणि सोबत कोणाला आणायचं नाही. आपल्याकडे अशा वेळी एखादे काका, भाऊ, वॉर्डातले कोणी वजनदार दादा "सहज आलो" म्हणून येतात. त्यांच्या नुसत्या येण्याने समोरचं कुटुंब गप्प होतं. प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त दोन मोठी माणसं, नावं आधी ठरलेली, असा नियम सगळ्यांना सारखा लावा आणि दारावर शिपायाला सांगून ठेवा.

पालकांना बोलवायचं का, याचं उत्तर म्हणून: हो, पण भेट झाल्याशिवाय नाही. भेटीनंतरही एखादा पालक शांत राहील असं वाटत नसेल, तर त्याच्याऐवजी मुलाची आजी, मामा, कोणीतरी भरवशाचं माणूस घ्या. पालकांशिवाय सर्कल घेतलं तर ठरलेलं घरी टिकत नाही, कारण फोन घरी असतो आणि व्हॅनचे पैसे घरून जातात.

आदित्य आणि यशशी मी वेगवेगळं बोलले. "का केलंस?" हा प्रश्न टाळते. "का" विचारलं की मूल कारण शोधतं आणि कारण सापडलं की त्याच्या मागे लपतं. "तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारलं तर खरं येतं. आदित्य म्हणाला, "यश हसला की भारी वाटायचं." त्याच्या घरी काही मोठं दुःख असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तसं काही सापडलं नाही. बऱ्याचदा सापडत नाही, आणि ते शोधत बसायचीही गरज नसते.

सर्कल शुक्रवारी दुपारी साडेचारला ठेवलं, कारण आदित्यच्या वडिलांची शिफ्ट साडेतीनला सुटायची. चित्रकलेच्या वर्गात बारा खुर्च्या, मधे टेबल नाही. ओम, त्याचे आईवडील. आदित्य आणि त्याचे आईवडील. यश आणि त्याची आई. व्हॅनमधली ती मुलगी, व्हॅनकाका, वर्गशिक्षिका आणि मी. ओमच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. आदित्य त्याच्या बरोबर समोर नको, तिरका, म्हणजे नजर टाळायची असेल तर टाळता येते. शाळेने अहवालासाठी फोटोग्राफर बोलावला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. फोन सगळ्यांनी बाहेरच्या टेबलावर ठेवले. फिरवायला मी गोदाकाठचा एक गुळगुळीत गोटा आणते. दोन्ही हातांत मावेल एवढा असला की मोठ्यांचे हातही त्यात गुंततात.

पहिलं कोण बोलणार? ओ'कॉनेल यांच्या क्रमात करणारा आधी बोलतो, मग सोसणारा, मग त्याची माणसं, आणि शेवटी करणाऱ्याची माणसं. यामागचं कारण मला पटतं: सोसणाऱ्याला आधी कबुली ऐकायला मिळते, आणि मग त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. तरी मी मुलाला विचारते. ओम म्हणाला, "त्याने आधी सांगू दे."

आदित्यने सांगितलं, काय केलं, किती वेळा केलं. मी विचारलं, "याचा त्रास कोणाकोणाला झाला असं तुला आता वाटतं?" तो म्हणाला, "ओमला." मी थांबले. गप्प बसून थांबणं हे सर्कल घेणाऱ्याचं निम्मं काम आहे, आणि तेच सगळ्यात अवघड. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्याच्या मम्मीला पण."

ओमने त्याचा कागद वाचला. अकरा ओळी होत्या, पाच मिनिटं लागली. "द्राक्ष" हा शब्द त्याने मुद्दाम त्यात घातला होता. त्यावर तो फार वेळ अडकला आणि कोणी मधे बोललं नाही. वाचून झाल्यावर त्याने गोटा खाली ठेवला नाही, तसाच धरून बसला, म्हणून आम्हीही बसलो. मग आई बोलली, व्हिडिओ पाहून चार दिवस गप्प का राहिली ते. वडील दोनच वाक्यं बोलले. ती मुलगी रडली आणि म्हणाली, मी हसले नसते तर माझ्यावर आले असते. व्हॅनकाका म्हणाले, मागे काय चालतं ते मला आरशात दिसायचं, पण मला वाटायचं पोरं खेळतायत. वर्गशिक्षिकेने धड्याचा प्रसंग सांगितला. आदित्यचे वडील एकदा उठून बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले.

दुसऱ्या फेरीत मी आदित्यला एवढंच विचारलं, "हे सगळं ऐकल्यावर तुला काही म्हणायचं आहे?" तो ओमकडे बघून म्हणाला, "मला वाटलं नव्हतं काकू बघतील." ही माफी होती का? शब्दांनी नव्हती. मी ती ओढून माफी केली नाही. यश सॉरी म्हणाला, ओमने मान हलवली नाही, आणि तेही तसंच राहू दिलं.

शेवटच्या फेरीचा प्रश्न: आता काय करायचं? इथे "चांगलं वागू", "पुन्हा करणार नाही" असली वाक्यं कागदावर घेऊ नका, ती तपासता येत नाहीत. आमच्या कागदावर चार गोष्टी आल्या. रात्री आठपर्यंत आदित्य आणि यश यांच्या आया ग्रुपवर लिहितील की व्हिडिओ सगळ्यांनी काढून टाकावा, आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांना स्वतः फोन करतील. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आदित्य व्हॅनमध्ये काकांशेजारी बसेल. वर्गात वाचायची वेळ येईल तेव्हा ओम हात वर करेल तरच त्याला उठवायचं, ही वर्गशिक्षिकेची जबाबदारी. आणि ओमचं वाक्य कोणी पूर्ण करणार नाही, यावर व्हॅनमध्ये ती मुलगी लक्ष ठेवेल. हे शेवटचं तिने स्वतः मागितलं. प्रत्येक गोष्टीपुढे नाव आणि तारीख. सह्या सगळ्यांनी केल्या, मोठ्यांनीही.

त्यानंतर पुन्हा भेटी ठेवल्या: एका आठवड्याने, तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. प्रत्येक वेळी ओमला एकट्याला. सर्कल फसलंय हे लगेच दिसत नाही, कारण मारणं आणि चिडवणं थांबलेलं असतं. त्याऐवजी डबा खाताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते, गटाच्या कामात त्याला कोणी घेत नाही. तिसऱ्या आठवड्यात ओमने सांगितलं, की दुसऱ्या तुकडीतली पोरं त्याला "सर्कल" म्हणतात. "त्याला हात लावू नका, गोल बसवतील." त्यासाठी नवीन सर्कल घेतलं नाही. त्या तुकडीच्या शिक्षकांनी दोन मुलांशी बोलून ते बंद केलं. सहाव्या आठवड्यात वर्गशिक्षिका म्हणाल्या, ओमने दोनदा हात वर केला. आदित्यशी त्याची दोस्ती झाली नाही.

सर्कल कधी घ्यायचंच नाही, तेही पाहून ठेवा. प्रकारात काहीही लैंगिक असेल, म्हणजे कपडे ओढणं, नको तिथे हात लावणं, तसला फोटो किंवा व्हिडिओ, तर पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. तिथे "आपसात मिटवू" म्हणणारी शाळा स्वतः अडचणीत येते, आणि मुलाचं नुकसान वेगळंच. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर वर्गात लावून ठेवा. जातीवरून शिवीगाळ झाली असेल, हत्यार दाखवलं असेल, किंवा मार एवढा असेल की डॉक्टरकडे न्यावं लागलं, तरीही आधी कायद्याचा रस्ता. म्हणून तुमच्या प्रकरणातली धक्काबुक्की नेमकी काय होती हे पहिल्या भेटीत नीट विचारा. मुलं "ढकललं" या एका शब्दात बरंच काही गुंडाळतात.

त्या आईला आजच फोन करा. तिला सांगा, की शनिवारचं रद्द झालं आहे आणि तिच्या मुलाने हो म्हटल्याशिवाय त्याला कोणासमोर बसवणार नाही. सोमवारपासून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना कोण उभं राहणार आहे, त्या शिक्षकाचं नाव सांगा. आणि दप्तरातली नाल्यात भिजलेली पुस्तकं कोणती, ते विचारून लिहून घ्या. ती शाळेने आधी द्यावीत. त्या तिघांनी त्याचं काय करायचं हे नंतर ठरेल.